बापाच्या मोबाइलवर लेकराचं गाणं: कमेंट आणि जाहिराती का थांबतात

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जि.प. शाळेवर शिक्षक आहे. बालगीतं, गोष्टी, नवोदयची तयारी, शिक्षकांसाठीचे व्हिडिओ असं सगळं एकाच यूट्यूब चॅनेलवर टाकतो. मध्यंतरी अचानक बऱ्याच व्हिडिओंच्या कमेंट बंद झाल्या, बेल गेली, उत्पन्नही घटलं. मित्र म्हणतो, सेटिंगमध्ये ‘मुलांसाठी नाही’ करून टाक, सगळं परत येईल. माझ्या अ‍ॅनालिटिक्समध्ये तर पाहणारे सगळे २५ ते ४४ वयाचेच दिसतात. मग करू का तसं? आणि तान्हा पोळ्याच्या व्हिडिओचं काय? त्यात तर सगळी लेकरंच आहेत.

उत्तर:

गुरुजी, सगळ्या चॅनेलला एकदम ‘नाही’ करू नका. तुमचं चॅनेल मी बघितलं. त्यातले काही व्हिडिओ खरोखरच ‘मुलांसाठी नाही’ या बाजूला जायला हवेत, आणि ते तुमच्या हातात आहे. पण बालगीतं तिकडे ढकललीत तर कमेंट चार दिवस परत येतील आणि मागाहून अडचण मोठी होईल.

आधी एक गोष्ट तपासा. संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडा, डावीकडे Content वर जा. व्हिडिओंच्या यादीत Restrictions नावाचा रकाना आहे. ज्यांच्या कमेंट बंद झाल्या त्यांच्यासमोर काय लिहिलंय ते वाचा. ‘Made for Kids – Set by you’ असेल तर ती निवड तुमचीच आहे, बहुतेक अपलोड करताना घाईत झालेली. ती तुम्ही बदलू शकता. ‘Set by YouTube’ असेल तर यूट्यूबच्या यंत्रणेने तो व्हिडिओ लहान मुलांचा म्हणून ओळखला आहे. अशा व्हिडिओची निवड तुम्हाला स्वतःहून बदलता येत नाही, पटत नसेल तर दाद मागता येते. अचानक बरेच व्हिडिओ एकदम गेले म्हणता, त्यावरून मला तुमच्याकडे दुसरा प्रकार जास्त असेल असं वाटतं.

आता त्या २५ ते ४४ वयाबद्दल, कारण तुमचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. गुरुजी, आपल्याकडे पहिली-दुसरीच्या लेकराकडे स्वतःचा मोबाइल कुठे असतो? बाप वावरातून आला, मोबाइल खाटेवर ठेवला, की लेकरानं उचलला. खातं बापाचं, जन्मवर्ष बापाचं, आणि गाणं पाहतंय सहा वर्षांचं पोरगं. यूट्यूबला दिसतो ३४ वर्षांचा पुरुष. त्यात अ‍ॅनालिटिक्समधला सगळ्यात खालचा वयोगटच १३ ते १७ आहे, तेरा वर्षांखालचा गट त्या तक्त्यात नाहीच. त्यामुळे ‘तक्त्यात मुलं दिसत नाहीत’ हा पुरावा कामाचा नाही. तुम्हाला स्वतःला माहीत आहे की ‘चिऊताई’चं गाणं ३४ वर्षांचा माणूस एका संध्याकाळी अकरा वेळा लावत नाही. तोच व्हिडिओ पुन्हापुन्हा, तोही सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी चालत असेल, तर पाहणारं कोण आहे हे तक्त्याशिवायही कळतं.

हा सगळा नियम उभा राहिला तो नेमक्या याच फटीमुळे. अमेरिकेत १९९८चा एक कायदा आहे, ‘कोप्पा’ म्हणतात त्याला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती पालकाच्या संमतीशिवाय गोळा करायची नाही, एवढं त्याचं सार. २०१३ पासून त्या माहितीत नाव-पत्त्यासोबत ब्राउझर आणि मोबाइलची ओळख ठेवणारी खूणही मोजली जाते, म्हणजे ज्या कुकीच्या आधारे जाहिरात माणसामागे फिरते ती. यूट्यूब म्हणत असे, आमचं व्यासपीठ मोठ्यांसाठी आहे, तेरा वर्षांखालच्यांना खातंच नाही. आणि त्याच वेळी खेळणी विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना सांगत असे की लहान मुलांपर्यंत पोचायला आमच्यासारखं दुसरं माध्यम नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेशी आणि न्यूयॉर्क राज्याशी यूट्यूबने १७ कोटी डॉलर भरून तडजोड केली. त्या तडजोडीतून जानेवारी २०२० पासून हा प्रश्न प्रत्येक चॅनेलवाल्यासमोर आला: हा व्हिडिओ मुलांसाठी बनवलाय की नाही? कायदा अमेरिकेचा असला तरी यूट्यूबने ही निवड जगभर सक्तीची केली. तुम्ही शिकागोत राहा की घाटंजीत, ती भरावीच लागते.

यातला एक मुद्दा बहुतेक जण चुकवतात. पाहणारा खरोखर किती वर्षांचा आहे हे ओळखता येत नाही, म्हणून यूट्यूबने पाहणाऱ्याला बाजूला ठेवलं आणि व्हिडिओ धरला. व्हिडिओ मुलांसाठीचा असेल, तर तो पाहणाऱ्या प्रत्येकाला मूल समजून वागवायचं, खातं कुणाचंही असो. म्हणून बापाच्या खात्यावरही तुमच्या बालगीताला कमेंटची चौकट दिसत नाही आणि बापाच्या आवडीनुसारची जाहिरात लागत नाही. चूक तुमच्या चॅनेलमध्ये नाही, नियमाची रचनाच तशी आहे.

कमेंट का जातात, ते तुमच्याच जुन्या कमेंटमधून सांगतो. उघड्या असताना त्यात काय येत होतं ते आठवा: ‘सर मी अमुक, इयत्ता पाचवी, अमुक शाळा, मला पण पाठवा’, आणि खाली आईचा किंवा बापाचा मोबाइल नंबर. लेकरानं निरागसपणे टाकलेलं असतं. पण नाव, शाळा, गाव आणि नंबर एकाच ओळीत, जगातल्या कुणालाही वाचता येईल असं. कोप्पाच्या नियमांत मुलाला स्वतःची माहिती जाहीर करायला जागा देणं हेही माहिती गोळा करण्यातच मोडतं, फॉर्म भरून घेतलाच पाहिजे असं नाही. म्हणून मुलांसाठीच्या व्हिडिओवर कमेंट मर्यादित ठेवणं किंवा आधी तपासणं असा मधला मार्ग यूट्यूबने ठेवलेला नाही, ती पूर्ण बंद असते. लाइव्ह असेल तर चॅटही बंद. बेल, मेंबरशिप, शेवटी येणारे पुढच्या व्हिडिओचे चौकोन, वर येणारी कार्डं हेही त्याच कारणाने जातं. व्हिडिओ मात्र दिसतो, शोधात येतो, चॅनेल सबस्क्राइब करता येतं.

जाहिरातींचं थोडं वेगळं आहे. ‘मेड फॉर किड्स’वर जाहिराती बंद होतात हा गैरसमज सोडा. बंद होते ती माणूस पाहून लावलेली जाहिरात. उरते ती व्हिडिओ पाहून लावलेली. समजा त्या बापानं दुपारी कपाशीवरच्या बोंडअळीचं औषध शोधलं, मग ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते पाहिले. संध्याकाळी लेकरानं एखादा साधा व्हिडिओ लावला तर त्यावर कर्जाची आणि औषधाची जाहिरात येऊ शकते, कारण जाहिरातदारानं त्या माणसासाठी पैसे मोजलेत. तुमच्या बालगीतावर तसं होत नाही. तिथे मराठीतला मुलांचा व्हिडिओ आहे एवढंच पाहून जाहिरात येते, आणि त्यातही कोणत्या जाहिराती चालतील याची यूट्यूबची वेगळी यादी आहे. खाण्यापिण्याच्या वस्तूंची जाहिरात तिथे चालत नाही, मग ती वस्तू पौष्टिक असली तरी. राजकीय नाही, सौंदर्यप्रसाधनांची नाही. स्पर्धा करणारे जाहिरातदार कमी झाले की भाव पडतो, म्हणून तुमचं उत्पन्न घटलं. ते परत आणायचा या व्हिडिओंपुरता सरळ मार्ग नाही, हे मी तुम्हाला स्पष्टच सांगतो. बालगीतांवर घर चालवायचा हिशेब धरू नका.

आता तुमचे व्हिडिओ एकेक करून बघू. यूट्यूब आणि फेडरल ट्रेड कमिशन दोघंही निवडीसाठी जवळपास सारख्याच गोष्टी पाहायला सांगतात: विषय काय आहे, बोलणं कोणाला उद्देशून आहे, मुलांची पात्रं, खेळणी, गाणी, गोष्टी आहेत का, भाषा लहान मुलांना कळेल अशी मुद्दाम ठेवली आहे का, आणि तुमचा स्वतःचा हेतू काय. यातल्या एकाच गोष्टीवर निकाल लागत नाही, सगळं मिळून पाहायचं असतं.

बालगीतं आणि ‘लहान मुलांसाठी मराठी गोष्ट’ असं शीर्षक असलेल्या तुमच्या वऱ्हाडी गोष्टी यांत विचार करण्यासारखं काही नाही. चित्रं, गाणं, संबोधन, शीर्षक, सगळं लेकरांसाठी. वर्णनात खाली ‘हा व्हिडिओ पालकांसाठी आहे’ अशी ओळ टाकायचं तुमचा मित्र सांगेल. त्या ओळीनं काही होत नाही. यंत्रणा व्हिडिओ बघते, आणि तपासणारा माणूसही व्हिडिओच बघेल.

नवोदयच्या व्हिडिओंवर मात्र तुम्ही अडाल. तुम्हाला वाटेल, हे तर शिक्षण, यात मुलांचं मनोरंजन कुठे आहे? पण शिक्षणाला सूट नाही. सहावीच्या प्रवेशासाठीची नवोदयची परीक्षा पाचवीचं लेकरू देतं, म्हणजे दहा-अकरा वर्षांचं. ‘मुलांनो, आता अपूर्णांकाची बेरीज बघू’ असं तुम्ही त्यालाच बोलताय. हा मुलांसाठीचाच व्हिडिओ. एनएमएमएसच्या व्हिडिओंचं तसं नाही. ती शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते, विद्यार्थी साधारण तेरा-चौदाचे. त्यांना उद्देशून केलेला व्हिडिओ या नियमात ‘मुलांसाठी’ धरला जात नाही, तेव्हा तिथे ‘No, it's not Made for Kids’ ही निवड बरोबर आहे. तुमच्या चॅनेलवर या दोन्ही एकाच प्लेलिस्टमध्ये ‘स्पर्धा परीक्षा’ म्हणून आहेत. त्या वेगळ्या करा.

इथे एक गोंधळ नेहमी होतो, म्हणून सांगतो. ‘मुलांसाठी नाही’ याचा अर्थ ‘अठरा वर्षांवरच्यांसाठी’ असा नाही. त्याच पानावर खाली वयाच्या बंधनाचा वेगळा पर्याय आहे. काही शिक्षक बंधुभगिनी घाबरून किंवा चुकून तोही लावतात, आणि मग आठवीच्या विद्यार्थ्याला व्हिडिओ उघडतच नाही. त्याला हात लावू नका.

शैक्षणिक साहित्याचे व्हिडिओ सगळ्यात नाजूक. वस्तू एकच: आइस्क्रीमच्या काड्या, बटणं, जुन्या कॅलेंडरचे आकडे. पण तुमच्या एका व्हिडिओत तुम्ही म्हणता, ‘शिक्षक मित्रहो, दुसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी अडते, तेव्हा ह्या काड्यांचे दहाचे गठ्ठे असे बांधा.’ हा शिक्षकांचा व्हिडिओ, मुलांसाठी नाही, कमेंट उघडी राहू द्या. दुसऱ्यात म्हणता, ‘चला बालमित्रांनो, आईकडून काड्या मागून आणा.’ तो मुलांचा. आणि तिसरा एक आहे, ज्यात पहिला अर्धा भाग शिक्षकांना आणि मागचा अर्धा मुलांना आहे. प्रेक्षकांत मुलंही अभिप्रेत असली आणि मांडणीही मुलांची असली, तर मिश्र प्रेक्षकांचा व्हिडिओही मुलांसाठीचाच धरतात. तो कापून दोन करा. शिक्षकांच्या भागावर तुम्हाला चर्चा हवी आहे, ती मुलांच्या भागापायी कशाला घालवता?

तान्हा पोळ्याचा व्हिडिओ याच्या नेमका उलट्या बाजूचा आहे. व्हिडिओत लेकरं आहेत म्हणून तो लेकरांसाठीचा ठरत नाही. लाकडी बैल सजवून पोरं रांगेत उभी आहेत, मागे मायबाप कौतुक करतायत, तुम्ही गावाची प्रथा सांगताय. हे पुण्या-मुंबईत गेलेला गावचा माणूस बघेल, आजी-आजोबा बघतील. तो सर्वसाधारण प्रेक्षकांचा व्हिडिओ आहे. यूट्यूबने त्याला मुलांचा ठरवलं असेल तर तिथे दाद मागा, आणि मागताना हेच लिहा की बोलणं मोठ्यांना उद्देशून आहे आणि विषय सणाची प्रथा आहे.

पण त्या व्हिडिओवर कमेंट परत आली म्हणून निश्चिंत होऊ नका. लहान मुलं दिसणाऱ्या व्हिडिओंचा नियम वेगळा आहे आणि त्यामागचं कारण वाईट आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये उघड झालं की मुलांच्या अगदी साध्या व्हिडिओंखाली, खेळणं, पोहणं, कवायत अशा, काही विकृत माणसं कमेंटमध्ये नुसते वेळेचे आकडे टाकत होती. अमुक मिनिट, अमुक सेकंद. त्या क्षणी मूल कोणत्या स्थितीत दिसतं ते एकमेकांना दाखवायला. त्यानंतर यूट्यूबने मुलं दिसणाऱ्या कोट्यवधी व्हिडिओंच्या कमेंट काढून टाकल्या. म्हणून व्हिडिओ ‘मुलांसाठी नाही’ असला तरी त्यात लेकरं असतील तर यूट्यूब कमेंट बंद करू शकतं, आणि त्यावर भांडू नका असं माझं मत आहे. उघडी राहिली तर त्या व्हिडिओपुरतं कमेंटच्या तपासणीत Hold all ठेवा, म्हणजे तुम्ही वाचल्याशिवाय एकही कमेंट बाहेर दिसणार नाही. खाली नुसता ‘२:१४’ असा आकडा आला, मुलीचं नाव किंवा वय विचारलं, किंवा मराठी व्हिडिओखाली अनोळखी भाषेतून एकाच मुलाबद्दल लाडिक शब्द आले, की कमेंट काढा, त्या खात्याची तक्रार करा आणि ते चॅनेलवरून लपवा. आणि व्हिडिओत शाळेचा फलक, गणवेशावरचं नाव आणि लेकराचं पूर्ण नाव एकत्र येत असेल तर त्यातलं निदान एक कापा. मुलांच्या पालकांची लेखी परवानगी शाळेच्या दप्तरात असू द्या.

तुमच्या मित्राच्या सल्ल्यात खरा धोका कुठे आहे ते आता सांगतो. Settings, मग Channel, मग Advanced settings इथे तीन पर्याय आहेत: सगळं चॅनेल मुलांचं, सगळं चॅनेल मुलांचं नाही, आणि ‘I want to review this setting for every video’. चॅनेलला एकदा ‘नाही’ केलं की पुढचा प्रत्येक व्हिडिओ आपोआप ‘नाही’ होऊन जातो, तुम्ही बघा की न बघा. हेच डिस्नेसारख्या कंपनीचं झालं. फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप असा होता की डिस्नेने निवड व्हिडिओनुसार न करता चॅनेलनुसार लावली, त्यामुळे मुलांसाठीचे कितीतरी व्हिडिओ ‘मुलांसाठी नाही’ म्हणून चालले आणि त्यांवर मुलांना उद्देशून माणूस पाहून लावलेल्या जाहिराती लागल्या. २०२० मध्ये यूट्यूबने त्यांचे ३०० हून जास्त व्हिडिओ स्वतः बदलून कळवलं होतं, तरी पद्धत बदलली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये डिस्नेने एक कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. लक्षात घ्या, इथे दंड यूट्यूबला नाही, व्हिडिओ टाकणाऱ्याला लागला. तुमच्या गावापर्यंत कुणी अमेरिकन अधिकारी येणार नाही, पण यूट्यूब चॅनेलवर कारवाई करू शकतं, आणि तुमचं सगळं काम त्या एका चॅनेलवर आहे. तिसरा पर्याय निवडा. प्रत्येक व्हिडिओला एक प्रश्न पडेल, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तुमच्या चॅनेलचं खरं दुखणं मला कमेंटपेक्षा दोन वेगळ्या ठिकाणी दिसलं.

पहिलं, गोष्टीच्या एका व्हिडिओच्या सुरुवातीला तुम्ही तालुक्याच्या गावातल्या एका दुकानाचे आभार मानता आणि त्यांच्या कुरकुरीत पाकिटांचं नाव घेऊन ‘आईला सांगा, आणून दे’ असं म्हणता. तुम्ही ते प्रेमानं म्हटलंत हे दिसतं, बदल्यात त्यांनी शाळेला वह्या दिल्या हेही तुम्ही सांगता. पण मोबदला पैशातच हवा असं नाही, ही जाहिरातच झाली. मुलांसाठीच्या व्हिडिओत खाण्याच्या वस्तूची जाहिरात यूट्यूबला चालत नाही. आपल्या देशातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात मुलांना थेट ‘विकत घ्या’ किंवा ‘पालकांना घ्यायला लावा’ असं सांगायला मनाई आहे, आणि चिप्स, शीतपेयं यांसारख्या जंक फूडची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात करायचीच नाही असं म्हटलंय. तेवढा भाग स्टुडिओच्या Editor मधून कापता येतो, व्हिडिओ नव्याने टाकायची गरज नाही. दुकानदाराचे आभार शाळेच्या कार्यक्रमात माना.

दुसरं याहून गंभीर आहे. नवोदयच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओच्या वर्णनात गूगल फॉर्मची प्रश्नमंजुषा आहे: ‘चाचणी सोडवा, प्रमाणपत्र मिळवा’. त्यात मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा, तालुका, व्हॉट्सअ‍ॅप नंबर विचारलाय. आपल्या शिक्षकांमध्ये ही पद्धत सगळीकडे रूढ झाली आहे, हे मला ठाऊक आहे. पण कमेंटमधून जी माहिती बाहेर पडू नये म्हणून यूट्यूबने चौकट बंद केली, तीच माहिती तुम्ही फॉर्ममधून व्यवस्थित रकाने पाडून गोळा करताय. आणि इथे गोळा करणारे यूट्यूब नाही, तुम्ही स्वतः आहात.

भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याच्या व्याख्येत मूल म्हणजे अठरा वर्षांखालची व्यक्ती, अमेरिकेसारखी तेरा नाही. कलम ९ प्रमाणे त्याची माहिती घ्यायला पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते, मुलांचा माग ठेवणं आणि त्यांना नेमकं गाठून जाहिरात करणं यांना मनाई आहे. मुलांबाबतच्या या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ही वरची मर्यादा आहे, गावच्या शिक्षकाला कुणी तेवढा लावेल असं मी म्हणत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. शाळांना त्यांच्या शैक्षणिक कामापुरती काही सवलत आहे. तुमचं चॅनेल शाळेचं नाही, तुमच्या नावावर आहे आणि त्यावर जाहिराती लागतात, तेव्हा त्या सवलतीवर विसंबू नका.

यावर उपाय अवघड नाही. चाचणी ठेवा, पण फॉर्ममधून नाव, नंबर, जन्मतारीख, शाळा हे सगळे प्रश्न काढा आणि ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद करा. गुण लगेच दिसतील अशी सोय फॉर्ममध्येच असते, लेकराला आपले गुण कळले की झालं. तुमच्या वर्गातल्या मुलांना प्रमाणपत्र वर्गात द्या. दुसऱ्या गावच्या मुलांसाठी कोऱ्या नावाचं प्रमाणपत्र ठेवा, त्यांचे शिक्षक नाव लिहून देतील.

शंका विचारायला कमेंट हवी असेल, तर त्यासाठी दर आठवड्याला एक वेगळा, पालक आणि शिक्षकांना उद्देशून व्हिडिओ करा: ‘या आठवड्यात पाचवीच्या मुलांना अपूर्णांकात हे तीन ठिकाणी अडतं, घरी असं समजावा.’ तो खराखुरा मोठ्यांसाठीचा व्हिडिओ आहे, त्यावर कमेंट चालते, बेल चालते, जाहिरातीचा भावही नेहमीचा मिळतो. मला तर वाटतं तुमच्या चॅनेलचं उत्पन्न सावरलं तर ते इथूनच सावरेल. तुमच्या वर्गाच्या शंका पालकांच्या नंबरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येऊ द्या, मुलांच्या नाही. आणि शेवटचे चौकोन गेल्यामुळे पुढचा धडा सापडत नाही ही तक्रार आली तर शीर्षकात ‘भाग ३’, ‘भाग ४’ असे आकडे घाला, सगळे एका प्लेलिस्टमध्ये लावा आणि व्हिडिओच्या शेवटी पुढच्या भागाचं नाव तोंडाने सांगा. पाचवीचं लेकरू ते नाव बोलून शोधतं.

आतापर्यंत फॉर्ममधून जमलेली यादी गूगल शीटमध्ये पडून असेल. ज्यांना प्रमाणपत्रं द्यायची राहिली आहेत ती आधी देऊन टाका, मग फॉर्मचे प्रतिसाद आणि शीट दोन्ही वेगवेगळे पुसा, कारण एक पुसलं तरी दुसरं राहतं. आणि ती शीट तुम्ही केंद्रातल्या इतर शिक्षकांना पाठवली असेल, तर त्यांनाही त्यांच्याकडची प्रत काढून टाकायला सांगा.